टाइमलाइन बहुमताने नव्हे, हालचालीने ठरवा

गॅदरिंगच्या रात्री हॉलमध्ये दिवे मालवले जातात, पडद्यावर एखाद्या ब्रँचची फिल्म सुरू होते आणि दुसऱ्याच मिनिटाला मागच्या रांगेतून आवाज येतो, "अरे, अडकतंय!" मग सगळ्यांच्या नजरा त्या बिचाऱ्या लॅपटॉपवाल्याकडे वळतात. कोणी म्हणतं रॅम कमी आहे, कोणी म्हणतं केबल खराब आहे. माझं स्पष्ट मत आहे की दहापैकी निम्म्या वेळा तरी दोष लॅपटॉपचा नसतो. तो धक्का फाइलमध्येच असतो, आणि तो एडिटिंगच्या पहिल्या दिवशी, टाइमलाइनचा फ्रेम रेट निवडताना, आपणच बसवलेला असतो.

आपल्या फिल्म्समध्ये क्लिप्स येतात कुठून? कोणाचा फोन, कोणाच्या दादाचा कॅमेरा, कोणाकडची जुनी कॅसेट. प्रत्येकाचा सेकंदाला फ्रेम्स काढण्याचा वेग वेगळा आणि चित्राचा आकारही वेगळा. हे सगळं एका टाइमलाइनवर आणताना सीनिअर्स एक नियम सांगतात: ज्या रेटच्या क्लिप्स जास्त, तोच टाइमलाइनचा रेट. लोकशाही आहे, ऐकायला छान वाटतं. पण मला हा नियम पटत नाही. क्लिप्स मोजू नका, क्लिपमधली हालचाल बघा, असं माझं म्हणणं आहे. का, ते सांगते.

आधी धक्का म्हणजे काय ते बघू. मेसचंच उदाहरण घ्या ना. पंचवीस ताटं वाढली आहेत आणि पंगतीत तीस पानं मांडली आहेत. पाच पानांवर नवीन काही येणार नाही, शेजारच्या ताटातलंच पुन्हा वाढावं लागेल. 25 फ्रेम्सची क्लिप 30 च्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. दर पाच फ्रेम्सनंतर एक फ्रेम दोनदा दाखवतं. म्हणजे चार फ्रेम्स पडद्यावर 33 मिलिसेकंद राहतात आणि पाचवी 67. सेकंदाला पाच वेळा चित्र क्षणभर थबकतं आणि पुन्हा पळतं. उलट 30 ची क्लिप 25 वर टाकली तर दर सहा फ्रेम्समधली एक गळते आणि सेकंदाला पाच वेळा चित्र एक पायरी गाळून उडी मारतं.

आता यातली खरी गोम. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाची एखादी फ्रेम गळली किंवा दोनदा आली तर कोणाला कळतं? शेजारच्या दोन फ्रेम्समध्ये फरकच इतका कमी असतो की डोळ्याला पत्ता लागत नाही. पण कॅमेरा आडवा फिरत असेल, कोणी धावत असेल, गिरकी घेत असेल, तर तीच एक फ्रेम खड्ड्यासारखी जाणवते. थोडक्यात, धक्क्याची किंमत सगळ्या क्लिप्सना सारखी नसते. ज्या क्लिपला ती जास्त पडते, तिला टाइमलाइन द्यावी आणि बसलेल्यांनी जुळवून घ्यावं.

एक प्रत्यक्ष केस सांगते. आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी यंदा निवृत्त झाल्या. त्यांच्यासाठी सहा मिनिटांची फिल्म करायची होती, एकदाच दाखवायची, त्यांच्यासमोर. जमा झालेल्या क्लिप्स एकूण 38. त्यातल्या 27 फोनवरच्या, 30 फ्रेम्सच्या, बहुतेक मुली खोलीत बसून मावशींबद्दल बोलताहेत अशा. 7 क्लिप्स मागून आणलेल्या कॅमेऱ्याच्या, 25 फ्रेम्सच्या, त्यात मेसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारे शॉट्स. 3 क्लिप्स 60 फ्रेम्सच्या, मावशी भाकरी थापताहेत त्या. आणि एक क्लिप 2004 च्या मिनी-डीव्ही कॅसेटवरची. त्यात मावशी मुलींबरोबर फुगडी खेळताहेत. पंचवीस सेकंदांची ती फुगडी म्हणजे फिल्मचा जीव. ती पुन्हा शूट होणार नाही.

बहुमताचा नियम लावला असता तर 27 विरुद्ध 11, टाइमलाइन 30 ची. आणि अख्ख्या फिल्ममध्ये जी एक गोष्ट गरगर फिरते, तीच सेकंदाला पाच वेळा अडखळली असती. आपल्याकडची जुनी डीव्ही कॅसेट पाल पद्धतीची, म्हणजे 25 फ्रेम्सची. कॅमेऱ्याचे फिरते शॉट्सही 25 चे. म्हणून टाइमलाइन 25 ची ठरली. हालचालीच्या आठही क्लिप्स जशाच्या तशा बसल्या, एकही फ्रेम गळली नाही की दोनदा आली नाही. बोलणाऱ्या मुलींच्या क्लिप्समधली दर सहावी फ्रेम गेली आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

60 च्या क्लिप्सचं काय? त्या पूर्ण वेगात 25 वर टाकल्या तर सॉफ्टवेअर 2, 2, 3, 2, 3 अशा असमान पायऱ्यांनी फ्रेम्स उचलतं. पण भाकरी थापताना उडणारं पीठ संथ गतीतच बघायला गोड दिसतं. वेग 41.67 टक्के केला, म्हणजे 25 भागिले 60, की प्रत्येक फ्रेम एकदाच येते आणि चित्र लोण्यासारखं सरकतं. हीच युक्ती फोनच्या 30 च्या क्लिप्सनाही चालते. जिथे आवाज नको आहे, उदाहरणार्थ मेसबाहेरची रांग, तिथे वेग 83.33 टक्के करा. चाल किंचित सावकाश दिसते, वाईट दिसत नाही. उलट 30 च्या टाइमलाइनवर 25 ची क्लिप अशी बसवायची तर वेग 120 टक्के करावा लागतो आणि माणसं जुन्या मूकपटासारखी तुरुतुरु चालतात. संथ करणं चालतं, पळवणं चालत नाही. 25 च्या बाजूने हाही एक मुद्दा आहे.

यावर माझ्या रूममेटने एक आक्षेप घेतला आणि तो अगदी रास्त होता. "हॉलचा प्रोजेक्टर सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवतो. 30 ची फिल्म असेल तर प्रत्येक फ्रेम बरोब्बर दोनदा येईल. 25 ची असेल तर पुन्हा गडबड नाही का?" गडबड आहे, पण तिचं माप बघा. 60 च्या पडद्यावर 25 ची फिल्म लावली तर काही फ्रेम्स 33 मिलिसेकंद टिकतात आणि काही 50. आधीच्या हिशोबात 33 आणि 67 होते. म्हणजे विषमता निम्म्यावर आली. शिवाय बहुतेक प्रोजेक्टर 50 हर्ट्झही घेतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट 50 केला की प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा येते आणि प्रश्न मिटतो. पण फाइलमध्येच बसलेला धक्का कोणत्याही सेटिंगने जात नाही. पडद्यावरचा धक्का बदलता येतो, टाइमलाइनवरचा नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

"मग सरळ 60 ची टाइमलाइन घ्या की, भांडणच नको!" हाही सल्ला मिळाला. गणित म्हणून तो चुकीचा नाही, हे मान्य करते. 60 मध्ये 30 ची क्लिप अचूक बसते आणि 25 ची क्लिप त्याच 33 आणि 50 च्या हिशोबात येते. एकदाच, हॉलमध्येच आणि चांगल्या लॅपटॉपवर दाखवायचं असेल तर खुशाल करा. पण ती फिल्म नंतर 30 मध्ये रूपांतरित झाली, म्हणजे कोणी ती लहान करून पाठवली, तर एकाआड एक फ्रेम जाते आणि 25 च्या क्लिप्स पुन्हा 33 आणि 67 वर येऊन पडतात. मावशींच्या मुलाच्या फोनवर फिल्म जाणार होती, म्हणून आम्ही तो मार्ग सोडला.

हा निर्णय पहिल्याच दिवशी का घ्यायचा, तर तो नंतर बदलणं महाग पडतं. डाविंची रिझॉल्व्हमध्ये तर टाइमलाइनवर क्लिप्स पडल्या की तिचा फ्रेम रेट बदलताच येत नाही. नवी टाइमलाइन करावी लागते.

आता फोनच्या क्लिप्सबद्दल, कारण तिथे एक छुपी अडचण असते. फोन "30" म्हणतो, पण अनेकदा तो तीसवर ठाम नसतो. खोलीत उजेड कमी झाला की फ्रेमला जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो आणि फ्रेम्स कमी निघतात. अशा फाइलचा रेट बदलता असतो. प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, म्हणून प्लेअरमध्ये ती नीट दिसते. पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर रेट स्थिर आहे असं धरून चालतात आणि मग ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. समजा चार मिनिटांच्या क्लिपचा सरासरी रेट 29 आहे आणि सॉफ्टवेअरने 30 धरला. 240 सेकंदांच्या 6960 फ्रेम्स 232 सेकंदांतच संपतील, म्हणजे शेवटी आठ सेकंदांचा फरक! सुरुवातीला जुळलेला आणि हळूहळू सरकत गेलेला आवाज दिसला की पहिला संशय यावरच घ्यायचा.

ओळखायचं कसं? एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या आणि हे चालवा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,width,height -of default=nw=1 phone.mp4
```

उत्तर अपूर्णांकात येतं, भागाकार करून बघा. `r_frame_rate` आणि `avg_frame_rate` यांच्यात ठळक फरक असेल तर रेट बदलता आहे असं समजा. अशी क्लिप टाइमलाइनवर नेण्याआधीच स्थिर करून घ्यायची:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le phone30.mov
```

इथे थेट 25 का नाही केलं, असं कोणी विचारेल. कारण तीसच्या तीस फ्रेम्स हातात असल्या तरच मघाची 83.33 टक्क्यांची युक्ती वापरता येते. गाळायचं काम शेवटी टाइमलाइनच करेल.

आता धूसरपणाकडे वळते, कारण तो बऱ्याचदा धक्का लपवण्याच्या नादात येतो. प्रीमियरमध्ये `Time Interpolation` खाली तीन पर्याय असतात: `Frame Sampling`, `Frame Blending` आणि `Optical Flow`. पहिला फ्रेम्स उचलतो किंवा गाळतो, चित्राला हात लावत नाही. दुसरा शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळून मधली बनवतो. म्हणजे फुगडीत हाताला हात आणि त्याच्या शेजारी अर्धपारदर्शक भुताचा हात! चालू असताना याला आपण "ब्लर झालं" म्हणतो. फिल्म थांबवून कीबोर्डच्या बाणाने एकेक फ्रेम पुढे न्या. दुहेरी कड दिसली तर मिश्रण झालंय. तीच फ्रेम दोनदा आली तर पुनरावृत्ती झालीय. या दोन मिनिटांच्या तपासात रोग कळतो. तिसरा पर्याय हालचालीचा अंदाज घेऊन नवीन फ्रेम रंगवतो. मोकळ्या पार्श्वभूमीवर एकच वस्तू सरकत असेल तर छान काम करतो. पण फुगडीत हात एकमेकांवरून जातात, पदर उडतो, मागच्या मुली झाकल्या जातात आणि पुन्हा दिसतात. तिथे त्याचा अंदाज चुकतो आणि बोटं मेणासारखी वितळतात. म्हणून माझं मत असं की मिसळणं हा उपाय शेवटचा. टाइमलाइन नीट निवडली असेल तर बहुतेक क्लिप्सना `Frame Sampling` पुरतं. एक्स्पोर्टच्या खिडकीतही हाच पर्याय पुन्हा असतो, तोही बघून घ्या.

धूसरपणाचं दुसरं कारण म्हणजे आकार. आमची टाइमलाइन 1920 बाय 1080 ची होती. फोनच्या फोर-के क्लिप्स तिच्यात निम्म्या होऊन बसतात, त्यामुळे दुप्पट झूम केलं तरी चित्र धारदार राहतं. पण प्रीमियरच्या ज्या व्हर्जनमध्ये `Scale to Frame Size` आणि `Set to Frame Size` असे दोन जुळ्या भावांसारखे पर्याय दिसतात, तिथे दुसराच घ्या. पहिला चित्र आधी 1080 चं करून टाकतो, मग झूम त्या लहान झालेल्या चित्रावर होतं आणि फोर-केचा उपयोग राहत नाही.

कॅसेटचं गणित उलटं. तिचं चित्र 720 बाय 576, पण तिचे पिक्सेल चौकोनी नसतात. नीट प्रमाणात ते 768 बाय 576 दिसायला हवं, नाहीतर माणसं किंचित बारीक दिसतात. शिवाय प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. फुगडीत हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर ते हेच. दोन्ही गोष्टी एकाच फटक्यात सुटतात:

```
ffmpeg -i tape.dv -vf "bwdif=mode=send_frame,scale=768:576,setsar=1" -c:v libx264 -crf 14 -c:a pcm_s16le tape25.mov
```

मग प्रश्न आला, हे छोटं चित्र पडदाभर करायचं का? उंची जुळवली तर ते 1.875 पट मोठं होतं आणि दोन्ही बाजूंना 240 पिक्सेलची काळी पट्टी राहते. रुंदी भरली तर अडीच पट मोठं होतं आणि वरखाली मिळून पाव चित्र कापलं जातं. म्हणजे एकीचं डोकं गेलं, दुसरीचे पाय. आम्ही काळ्या पट्ट्या ठेवल्या. उभ्या धरलेल्या फोनच्या क्लिप्सनाही हाच न्याय. उंची जुळवली की त्या बारीक पण स्वच्छ दिसतात. रुंदी भरायला गेलात तर चित्र 178 टक्के होतं आणि उंचीचा एक तृतीयांशाहून कमी भाग उरतो. काळ्या पट्टीला लोक का घाबरतात मला कळत नाही. जुनी आठवण छोट्या चौकटीत दिसली तर ती जुनी वाटते, इतकंच.

आणि ज्या क्लिप्स मेसेजिंग ॲपवर फिरून येतात, त्यांच्यावर कुठलाच उपाय नाही. 848 बाय 480 ची झालेली क्लिप सव्वादोन पट ताणली की तिच्यातले कॉम्प्रेशनचे ठोकळेही सव्वादोन पट होतात. गेलेले पिक्सेल कोणतंही शार्पन बटण परत आणत नाही.

म्हणून रेक्टर मॅडम आणि गॅदरिंग कमिटीला माझी एक मागणी आहे. पुढच्या वर्षी व्हिडिओ मागवताना नोटीस बोर्डवर फक्त "क्लिप्स द्या" असं लिहू नका, तीन ओळी जास्त लिहा. एक, जमत असेल तर 25 वर शूट करा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Show PAL Formats` चालू केलं की 25 दिसतं. अनेक ॲक्शन कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर 50 हर्ट्झ केलं की 30 च्या जागी 25 आणि 60 च्या जागी 50 येतं. ज्या फोनमध्ये 25 नाहीच, त्यांनी 30 वर काढा पण कॅमेरा स्थिर ठेवा. दोन, शटर हाताने ठरवता येत असेल तर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबलाइट्स सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटरमध्ये पूर्ण लुकलुक मावली की चित्रावर पट्टे येत नाहीत. तीन, मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणून द्या, फॉरवर्ड करू नका.

आणि एडिटिंगला बसणाऱ्यांना एवढंच सांगते: पहिली क्लिप टाकण्याआधी सगळ्या क्लिप्स एकदा आवाज बंद करून बघा. कोणती सगळ्यात जास्त फिरते आणि कोणती पुन्हा मिळणार नाही, हे कागदावर लिहा. टाइमलाइन तिच्या नावावर करा. बाकीच्या सत्तावीस जणी खुर्चीत बसून आहेत, त्या सरकून जागा देतील.